मिस कॉलनंतर आलेला कोरा संदेश : मुलुंडमधील एका उत्तराचे प्रकरण

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेच्या मोबाइलवर सप्टेंबरमधील एका गुरुवारी रात्री 9 वाजून 42 मिनिटांनी अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि एकच रिंग होऊन तो बंद झाला. दोन मिनिटांनी त्याच क्रमांकावरून एक एसएमएस आला, परंतु त्यात एकही अक्षर नव्हते. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाइल वापराचे वर्ग घेतो आणि त्या वर्गामुळे या बाईंशी माझा परिचय आहे. सर्वजण त्यांना काकू म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवतो. त्या रात्री त्यांच्याकडे त्यांचा भाचा आलेला होता. त्याने क्रमांक ताबडतोब ब्लॉक करावा असे सुचवले, काकूंना मात्र कोणीतरी अडचणीत असावे असे वाटत राहिले, आणि या मतभेदातून त्यांनी मला फोन केला. पुढील अर्ध्या तासात काय तपासले, काय लिहिले, काय लिहिले नाही आणि का, याची ही नोंद आहे.

भाच्याचे म्हणणे निराधार नव्हते. कोऱ्या संदेशाला उत्तर दिले की समोरच्याला एवढे तरी कळते की क्रमांक चालू आहे, त्यामागे माणूस आहे आणि तो अनोळखी माणसाला उत्तर देतो. फसवणूक करणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती कामाची असते. तरीही ब्लॉक करणे हा निर्णय तपासणीनंतरचा आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे मिस कॉल ही अनेकांची रीतसर संपर्काची पद्धत आहे. पोहोचल्याचे कळवायचे असो, खाली उतरायला सांगायचे असो किंवा माझ्याकडे पैसे नाहीत, तुम्ही फोन करा असे सुचवायचे असो, एक रिंग देऊन फोन कापणे लाखो लोक करतात, आणि त्यातील बहुतेकांकडे दुसरे साधन नसते.

क्रमांकावरून काय कळले

सर्वप्रथम काकूंना मी क्रमांक आकडा-आकडा वाचायला सांगितला. तो +91 ने सुरू होणारा, पुढे दहा आकडी असा साधा मोबाइल क्रमांक होता. एका रिंगनंतर कापलेल्या फोनची जी जगभर पसरलेली फसवणूक आहे तिला जपानी भाषेतील वानगिरी हे नाव पडले आहे, आणि तिची कमाई परतीच्या फोनवर अवलंबून असते. माणूस परदेशी, महागड्या दराच्या क्रमांकावर फोन लावतो आणि मिनिटागणिक होणाऱ्या आकारणीतील वाटा फसवणाऱ्याकडे जातो. क्रमांकाच्या आरंभी दुसऱ्या देशाचा कोड असता तर मी काकूंना तेथेच थांबवले असते. देशातील साध्या मोबाइलवर परत फोन केल्याने आपल्या प्लॅनमधील नेहमीच्या दरापलीकडे काही जात नाही, त्यामुळे ती भीती येथे लागू नव्हती.

दहा आकडी क्रमांकावरून आणखीही एक गोष्ट ठरते. बँका, वीज कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांचे एसएमएस आपल्याकडे नोंदणीकृत अक्षरी नावाने येतात, आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे -P, -S, -T किंवा -G यांपैकी एक अक्षरही दिसते. म्हणून या क्रमांकावरून पुढे बँकेचे किंवा वीजबिलाचे काहीही आले, तर ते त्या संस्थेचे नाही असे धरून चालायचे, हे आम्ही आधीच ठरवले. थकीत बिलामुळे आज रात्री वीज तोडली जाईल, असे सांगणारे जे संदेश अलीकडच्या काही वर्षांत मुंबईत फिरले तेही अशाच साध्या मोबाइल क्रमांकांवरून येत होते.

पडद्यावर दिसणारा क्रमांक खराच असेल असेही नाही. परदेशातून येणारा फोन भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येऊ शकतो, आणि तसे फोन अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये वेगळी यंत्रणा सुरू केली. अशा वेळी आपण परत फोन केला तर तो त्या क्रमांकाच्या खऱ्या धारकाला लागतो आणि त्या बिचाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. पलीकडचा माणूस गोंधळून मी फोन केलाच नाही म्हणाला, तर त्याला खोटारडा ठरवू नये, हे काकूंना सांगणे मला आवश्यक वाटले.

संदेश कोरा असतो म्हणजे काय

कोरा दिसणारा प्रत्येक संदेश कोरा पाठवलेला असतोच असे नाही, आणि उत्तर कसे द्यायचे हे बरेचसे यावर ठरते. पाठवणाऱ्याने फक्त एक मोकळी जागा टाइप करून पाठवली असेल, किंवा काहीच न लिहिता पाठवा दाबले असेल. काही जुन्या कीपॅड फोनवर रिकामा संदेश विनातक्रार पाठवला जातो. दुसरी शक्यता अशी की संदेश एमएमएस आहे, म्हणजे त्यात फोटो किंवा आवाज जोडलेला आहे, पण तो आपल्या फोनवर उतरलेला नाही, त्यामुळे मजकुराची जागा रिकामी दिसते. तिसरी शक्यता, पलीकडून पाठवलेली चिन्हे आपल्या फोनला दाखवता येत नाहीत, परंतु तेव्हा बहुधा चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात, निखळ रिकामी जागा क्वचितच दिसते.

काकूंच्या फोनवर गुगलचे मेसेजेस ॲप आहे. त्यात संदेशावर बोट दाबून धरले आणि मेनूतील View details उघडले की संदेशाचा प्रकार, पाठवणारा क्रमांक आणि वेळ दिसते. तेथे प्रकार साधा मजकूर संदेश असा होता, म्हणजे एमएमएसची शक्यता गेली. पाठवल्याची वेळ 9:44 होती आणि मिळाल्याची वेळही तीच. ही जुळणी महत्त्वाची असते, कारण नेटवर्कमध्ये अडकलेला संदेश कधीकधी तासांनंतर येतो, आणि मग मिस कॉलशी त्याचा आपण लावलेला संबंध केवळ योगायोग ठरतो. येथे दोन्ही एकाच माणसाने दोन मिनिटांत केले होते. पुढे मी भाच्याला तो संदेश कॉपी करून नोंदवहीच्या ॲपमध्ये चिकटवायला सांगितले. मोकळ्या जागा असत्या तर कर्सर पुढे सरकला असता. तो जागचा हलला नाही. पाठवणाऱ्याने मजकुरात खरोखरच काहीही घातलेले नव्हते.

काकूंना सर्वात मोठी धास्ती होती ती संदेश उघडल्यानेच खात्यातील पैसे जातात या समजाची. मजकूर नसलेल्या साध्या एसएमएसमध्ये दाबायला लिंक नसते, उतरवून घ्यायला फाइल नसते, आणि तो पाहिल्याने पैसे जात नाहीत. एमएमएसबाबत मात्र सावधगिरीला आधार आहे. 2015 मध्ये अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा खास बनवलेला एमएमएस फोनवर आपोआप उतरणे हेच आत शिरायला पुरेसे ठरत होते. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला, तरी जुने, अद्ययावत न केलेले फोन घरोघर वापरात आहेत, म्हणून अनोळखी क्रमांकाचा एमएमएस उतरवून घेऊ नये आणि सेटिंगमधील Auto-download MMS बंद ठेवावे, असे मी सर्वांनाच सांगतो.

नाव शोधताना स्वतःचे नाव उघड होऊ नये

भाच्याने दरम्यान क्रमांक संपर्कयादीत साठवून व्हॉट्सॲपवरचा फोटो पाहण्याची तयारी केली होती. बहुतेकजण हेच करतात आणि त्यातील उलटी बाजू त्यांच्या लक्षात येत नाही. आपला फोटो फक्त आपल्या संपर्कांना दिसेल अशी सेटिंग असेल, तर एखादा क्रमांक साठवताच तो आपला संपर्क बनतो, आणि त्याला आपला फोटो दिसू लागतो. काकूंच्या फोटोत त्यांची नात शाळेच्या गणवेशात उभी होती. क्रमांक न साठवता पाहण्याचा मार्ग असा की ब्राउझरमध्ये पुढीलप्रमाणे पत्ता टाकायचा, ज्यात X च्या जागी दहा आकडे येतात.

```
wa.me/91XXXXXXXXXX
```

त्या क्रमांकावर व्हॉट्सॲप नसल्याचे उत्तर आले. मग भाच्याने यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्याच्या जागी क्रमांक टाकून पाहिला. एखादा क्रमांक यूपीआयशी जोडलेला असेल तर तेथे बँकेत नोंदलेले नाव दिसते. तेवढे पाहून मागे फिरायचे, नाव कळावे म्हणून एक रुपयाही पाठवायचा नाही, कारण पैशांबरोबर आपले नाव पलीकडे जाते. दिसणारे नाव खातेदाराचे असते, फोन त्या क्षणी हातात असलेल्या माणसाचे असेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. येथे तर नावच आले नाही.

व्हॉट्सॲप नाही, यूपीआय नाही आणि संदेश पूर्ण रिकामा, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यावर माझा अंदाज कीपॅड फोनकडे झुकला. फसवणुकीची पुढची पायरी आजकाल बहुधा व्हॉट्सॲपवर किंवा पैशांच्या ॲपवर असते, आणि या क्रमांकाकडे त्यातले एकही साधन नव्हते. हा पुरावा नव्हे, केवळ कल आहे, परंतु उत्तर द्यावे की नाही हे ठरवायला तो पुरेसा वाटला.

उत्तराचा मजकूर

काकूंनी तोवर उत्तर लिहून ठेवले होते आणि ते मला वाचून दाखवले. त्यात त्यांचे पूर्ण नाव होते, मुलुंडचा उल्लेख होता आणि शेवटी प्रश्न होता, तुम्ही कोण, काही अडचण आहे का, घाबरू नका, सांगा. या शब्दांत त्यांचा चांगुलपणा पूर्णपणे उतरला होता, तरीही तो मजकूर दोन कारणांनी अयोग्य होता.

पहिले कारण उघड आहे. कोरा संदेश पाठवणाऱ्याने स्वतःविषयी काहीही दिले नव्हते आणि बदल्यात त्याला नाव, ठिकाण आणि स्वभाव असे सारे मिळणार होते. एवढ्यावरून कोणीही दुसऱ्या दिवशी फोन करून काकू, ओळखलंत का, असे म्हणू शकतो.

दुसरे कारण कमी लोकांच्या ध्यानात येते, आणि त्यावरच आमची सर्वाधिक चर्चा झाली. समजा, पलीकडे खरोखरच एखादी स्त्री किंवा मूल धास्तावलेले आहे आणि त्यांनी हाताला येईल तो क्रमांक दाबला आहे. मग आपले उत्तर पोहोचेल तेव्हा तो फोन कोणाच्या हातात असेल हे आपल्याला ठाऊक नसते. ज्याची धास्ती आहे त्याच माणसाने तो उचलला आणि पडद्यावर काही अडचण आहे का, घाबरू नका, असे शब्द वाचले, तर फोन करणारीची चौकशी तेथेच सुरू होईल. म्हणून उत्तर असे हवे की ते वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला चुकून लागलेल्या फोनची साधी विचारणा वाटेल, आणि मदत हवी असलेल्या माणसाला मात्र पलीकडे कोणीतरी आहे एवढे कळेल.

शेवटी गेलेला मजकूर असा होता : नमस्कार. या नंबरवरून फोन आला होता. कोण हवे आहे?

यात आपले नाव नाही, गाव नाही, संदेश कोरा होता याचा उल्लेखही नाही. तुम्ही कोण, याऐवजी कोण हवे आहे, असे विचारण्यामागे हेतू आहे. ज्याला खरोखर कोणीतरी हवे आहे तो नाव सांगू शकतो. ज्याच्याकडे फक्त क्रमांकांची यादी आहे त्याला सांगण्याजोगे नाव नसते, त्यामुळे तो प्रश्न परतवतो, विषय बदलतो किंवा तुम्हालाच ओळख विचारतो. मजकूर आखूड ठेवण्यालाही तांत्रिक कारण होते. देवनागरीतील एका एसएमएसमध्ये 70 चिन्हे मावतात, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त स्वतंत्रपणे मोजला जातो. त्याहून लांब संदेश तुकड्यांत जातो, आणि जुना फोन ते तुकडे जोडू शकेलच याची शाश्वती नसते. वरील मजकूर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून 47 चिन्हांचा आहे. कीपॅड फोनला देवनागरी दाखवता आली नाही तर काय, अशी शंका होतीच, म्हणून तोच मजकूर रोमन लिपीतही लिहून तयार ठेवला.

उत्तर 10 वाजून 6 मिनिटांनी गेले. मी काकूंना सांगितले की यानंतर लिंक आली, चुकून तुमच्या क्रमांकावर गेलेला सहा आकडी कोड मागितला गेला, चुकून पाठवलेले पैसे परत करण्याची विनंती आली किंवा तारांकनाने सुरू होणारा एखादा क्रमांक डायल करायला सांगितले गेले, तर पुढे एक शब्दही न लिहिता थांबायचे. सहा आकडी कोड बहुधा आपल्याच व्हॉट्सॲपचा किंवा खात्याचा असतो. तारांकनाचा क्रमांक, उदाहरणार्थ *401* आणि त्यापुढे एखादा मोबाइल क्रमांक, आपले सर्व फोन त्या क्रमांकाकडे वळवण्यासाठी वापरला गेलेला आहे. असे काही घडले असते तर संचार साथी संकेतस्थळावरील चक्षू या सुविधेत त्याची नोंद करता आली असती, आणि पैसे गेले असते तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करणे आवश्यक ठरले असते.

दुसरा कोरा संदेश

तीन मिनिटांनी पुन्हा एक रिंग झाली. काकूंचा हात फोनपर्यंत पोहोचण्याआधी ती थांबली आणि लगेच दुसरा संदेश आला. तोही पूर्ण कोरा होता.

या क्षणी भाच्याचा संशय वाढला आणि माझा कमी झाला. आमच्या उत्तरानंतर तीन मिनिटांत पुन्हा संपर्क झाला होता, म्हणजे पलीकडे फोन हातात घेतलेला, उत्तराची दखल घेणारा माणूस होता, आणि तरीही तो काहीही मागत नव्हता. फसवणारा या टप्प्यावर बोलू लागतो, कारण सावज लागले की वेळ घालवण्यात त्याला लाभ नसतो. ज्याला उत्तर आल्याचे कळले, पण त्यात काय लिहिले आहे ते कळले नाही, अशा माणसाचे वागणे मात्र नेमके असे असू शकते. रोमन लिपीतील मजकूर तयार होता, पण आता तो पाठवण्यात अर्थ वाटेना. अडचण फोनच्या लिपीची असेल तर त्याने काम झाले असते, माणसाला वाचताच येत नसेल तर तिसराही कोरा संदेश आला असता.

परत फोन करावा असे ठरले, आणि तो ताबडतोब करावा असेही. एरवी धास्तावलेल्या माणसाला अचानक फोन करणे धोक्याचे असते, कारण घंटी मोठ्याने वाजते. परंतु ज्याने आत्ताच रिंग दिली त्याचा फोन या मिनिटाला त्याच्याच हातात आहे हे आपल्याला ठाऊक असते. अर्ध्या तासाने हे खात्रीने म्हणता येत नाही. भाचा शेजारी बसला, फोन स्पीकरवर ठेवला, आणि काकूंनी काय बोलायचे ते दोन वाक्यांत ठरले. आधी आपला प्रश्न, मग शांतता. पलीकडून काही ऐकू आले नाही तर दहा सेकंद थांबायचे, आणि आरडाओरडा किंवा रडणे ऐकू आले तर स्वतः चौकशी करीत न बसता आपत्कालीन मदतीच्या 112 वर तो क्रमांक आणि वेळ कळवायची. क्रमांकावरून ठिकाण शोधण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आपल्याला नाही. नुसत्या एका कोऱ्या संदेशावरून 112 ला फोन करावा असे मात्र मला वाटत नाही, कारण त्यांना सांगण्याजोगे आपल्याकडे काहीच नसते.

फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"नमस्कार, या नंबरवरून फोन आला होता. कोण हवंय आपल्याला?" काकूंनी विचारले.

"ताई, मी ड्युटीला होते ना आईंकडं, ती. ओळखलं नाही का?"

हे वाक्य ऐकताच भाच्याने हाताने खूण केली, कारण ओळखलं का, या प्रश्नातच अनेक माणसे फसतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपणच एखादे नाव सुचवतो आणि पलीकडचा माणूस हो, तोच, म्हणून मोकळा होतो. काकूंनी नाव सुचवले नाही. त्या म्हणाल्या, "आवाज नीट येत नाही. तुम्ही कोणत्या ताईंना फोन लावलाय, त्यांचं नाव सांगा."

पलीकडच्या बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता पूर्ण नाव सांगितले, विलेपार्ल्यातील रस्ता सांगितला, त्या ताईंच्या आई दोन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळल्या होत्या हेही सांगितले. यातील एकही तपशील काकूंना लागू नव्हता आणि एकही तपशील त्यांच्याकडून काढून घेतलेला नव्हता. खरा, पण चुकीच्या ठिकाणी लागलेला फोन असाच असतो. त्यात माहिती पलीकडून आपल्याकडे येते.

मग उलगडा झाला. काकूंनी हा क्रमांक त्याच वर्षी मार्चमध्ये घेतला होता. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर मात्र कंपनी तो नव्या ग्राहकाला देऊ शकते, आणि काकूंकडे आलेला क्रमांक त्या विलेपार्ल्याच्या ताईंचा होता. फोन करणाऱ्या बाई रुग्णांची काळजी घेण्याचे काम करतात. सकाळी आठ ते रात्री आठ अशी बारा तासांची ड्युटी संपवून कळव्याच्या घरी पोहोचायला त्यांना साडेनऊ होतात, म्हणून फोन त्या वेळी. सध्याच्या घरचे काम महिनाअखेर संपत होते आणि जुन्या ताईंच्या ओळखीत कुठे काम आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. टॉकटाइम थोडाच उरला होता, म्हणून एक रिंग. लिहिता येत नव्हते, म्हणून कोरा संदेश. नुसत्या मिस कॉलकडे लोक लक्ष देत नाहीत, पण मेसेज आला की बघतात, असे त्यांनी काकूंना सांगितले. रिकामा संदेश ही त्यांच्यासाठी दार वाजवण्याची दुसरी थाप होती.

आमच्या उत्तराचे काय झाले हेही कळले. संदेश आल्याचे त्यांना दिसले, तो वाचून दाखवायला घरी कोणी नव्हते, आणि ताईंनीच उत्तर दिले असे समजून त्यांनी पुन्हा रिंग दिली. काळजीपूर्वक तोलून लिहिलेला मजकूर येथे फक्त पोहोच म्हणून उपयोगी पडला. तरीही तो आधी पाठवणे योग्यच होते असे मी मानतो, कारण त्याच्या प्रतिसादातूनच फोन करण्याचा निर्णय सुरक्षितपणे घेता आला. लिहिता-वाचता येणारा माणूस दुसऱ्या संदेशात नाव लिहितो, फसवणारा मागणी लिहितो, आणि तिसऱ्या प्रकारचा माणूस पुन्हा कोराच पाठवतो, हे त्या एका प्रश्नाशिवाय आम्हाला कळले नसते.

क्रमांक बदलल्यानंतरची व्यवस्था

काकूंनी त्यांना सांगितले की हा नंबर आता दुसऱ्या माणसाकडे आहे आणि ताईंचा नवा नंबर आपल्याला माहीत नाही. स्वतःचे नाव त्यांनी तेव्हाही सांगितले नाही, आणि पलीकडच्या बाईंनाही त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या ब्युरोमार्फत ते जुने काम मिळाले होते त्या ब्युरोकडे ताईंचा दुसरा क्रमांक किंवा पत्ता नोंदलेला असण्याची शक्यता आहे, तेव्हा तेथे विचारावे, एवढा उपयोगी सल्ला काकू देऊ शकल्या.

जुना नंबर फोनमधून काढून टाका, असे काकू सहज म्हणून गेल्या तेव्हा बाई घाईने नको म्हणाल्या. त्यांच्या फोनमधील नावे मुलाने भरून दिली आहेत आणि त्या ती यादीतील जागेवरून ओळखतात. वरून पहिला मुलगा, दुसरी ब्युरो, तिसऱ्या या ताई, चौथी बहीण. तिसरे नाव काढले की बहीण तिसऱ्या जागी येईल आणि पुढचे सर्व क्रमांक सरकतील. मुलगा येईपर्यंत ते नाव तसेच ठेवायचे आणि त्याच्याकडून त्या जागी दुसरा क्रमांक भरून घ्यायचा, असे ठरले.

काकूंच्या बाजूचे काम दुसऱ्या दिवशी झाले. जुन्या धारकाचा क्रमांक आपल्याकडे आला असेल तर फक्त ओळखीच्यांचे फोन येत नाहीत, त्या व्यक्तीच्या बँकेचे ओटीपीही येऊ शकतात. रद्द झालेल्या क्रमांकांची यादी दूरसंचार विभागाच्या व्यवस्थेतून घेऊन आपल्या नोंदी तपासाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितले आहे, परंतु प्रत्येक दुकान, दवाखाना आणि ॲप अशी तपासणी करीत नाही. काकूंचे संदेश मार्चपर्यंत मागे जाऊन पाहिले तेव्हा एका पतपेढीचे दोन हप्त्यांची आठवण देणारे संदेश सापडले. काकूंनी ते जाहिरात समजून सोडून दिले होते, पण त्यात विलेपार्ल्याच्या त्याच ताईंचे आडनाव होते. त्या पतपेढीच्या शाखेचा क्रमांक संदेशातून न घेता तिच्या छापील पावतीवरून मिळवला. ती पावती संघातील एका सदस्याकडे होती. तेथे फोन करून हा मोबाइल क्रमांक आता त्या खातेदाराचा नाही, एवढेच काकूंनी कळवले. शाखेतील कर्मचाऱ्याने त्यांचे नाव विचारले. काकूंनी ते दिले, कारण येथे फोन त्यांनी स्वतः, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर लावलेला होता. खातेदाराचा नवा क्रमांक मात्र त्यांनी मागितला नाही आणि शाखेनेही दिला नसता. ड्युटीवाल्या बाई आपल्याला शोधत आहेत, हा निरोप त्या खातेदारापर्यंत पोहोचवाल का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या हप्ता भरायला आल्या तर सांगू, असे उत्तर मिळाले.